फीडबॅक कॉलसाठी वेळ मागताना या चुका टाळा

‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. थोडा वेळ बोलता येईल का? कधी जमेल ते कळवा.’ अशा मेसेजला बरेचदा उत्तरच येत नाही. ग्राहक नाराज असतो असं नाही. पण वेळ शोधायचं काम त्याच्या गळ्यात पडतं, आणि ‘थोडा वेळ’ म्हणजे दहा मिनिटं की तासभर, हेही त्याला कळत नाही.

तोच मेसेज असा लिहून पाहा:

‘नमस्कार. गेल्या महिन्यात तुम्ही आमचं बिलिंग ॲप वापरायला लागलात. पहिलं बिल करताना काय अडलं, ते समजून घ्यायचं आहे. १५ मिनिटांचा फोन, काही विकायचं नाही. यातली कोणती वेळ जमेल?
१) मंगळवार, १० तारीख, सकाळी ११
२) बुधवार, ११ तारीख, दुपारी ४
३) शुक्रवार, १३ तारीख, संध्याकाळी ६:३०
नुसता आकडा पाठवलात तरी चालेल. तिन्ही जमत नसतील तर तुमची वेळ सांगा. याच नंबरवर मी फोन करेन.’

इथे वार आणि तारीख दोन्ही आहेत, कारण ‘उद्या ११ वाजता’ हा मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला गेला की घोळ होतो. ग्राहक परदेशात असेल तर वेळ त्याच्या घड्याळाप्रमाणे द्या आणि तसं लिहा. तिन्ही वेळा एकाच सकाळच्या असतील तर त्या दिवशी कामात असलेल्याला पर्याय दिल्यासारखंच होत नाही. उलट आठ-दहा वेळा दिल्या तर माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो. तीन पुरतात.

‘हो, चालेल’ एवढंच उत्तर आलं तर स्वतःच एखादी वेळ धरून चालू नका. ‘१, २ की ३?’ विचारा. उत्तर येईपर्यंत त्या तिन्ही वेळा कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. त्याच वेळा दुसऱ्या ग्राहकालाही दिल्या असतील तर कुणाला तरी ‘माफ करा’ म्हणावं लागतं, आणि तो ग्राहक पुन्हा वेळ देईलच असं नाही. उत्तर नाहीच आलं तर दोन-तीन दिवसांनी एकदा आठवण करा, पण नव्या वेळा देऊन. जुनाच मेसेज पुन्हा पाठवला तर त्यातला मंगळवार कदाचित उलटूनही गेलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती कालावधीतली लबाडी. ‘फक्त ५ मिनिटं’ लिहून बारा प्रश्न काढले की ग्राहक सातव्या मिनिटाला ‘हो, हो, छान आहे’ म्हणायला लागतो. तिथून पुढची उत्तरं टिपून घेण्यात अर्थ नाही. आधी प्रश्न एखाद्या सहकाऱ्याला विचारून घड्याळ लावा. १५ मिनिटांत मोकळेपणाने तीन-चार प्रश्न होतात. चौदाव्या मिनिटाला बोलणं रंगात आलं असेल तर थेट विचारा, ‘वेळ संपत आली, आणखी पाच मिनिटं आहेत का?’ नाही म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.