वर्गमध्यावरून सरासरी काढताना भागायचं कशाने?

देवगडच्या बागेत 50 हापूस तोलले, पण वहीत नुसते गट लिहिले असं समजा: 150–200 ग्रॅमचे 10 आंबे, 200–250 चे 24, 250–300 चे 12 आणि 300–350 चे 4. एकेका आंब्याचं वजन आता कळणार नाही, म्हणून गटातला प्रत्येक आंबा मधल्या वजनाचा धरायचा. वर्गमध्य येतात 175, 225, 275 आणि 325. त्यांना आंब्यांच्या संख्येने गुणलं की 1750, 5400, 3300, 1300, बेरीज 11750. तिला 50 ने भागा, मध्य 235 ग्रॅम.

मुलं हमखास इथे 4 ने भागतात, कारण तक्त्यात ओळी चार दिसतात. उत्तर येतं 2937.5, म्हणजे जवळजवळ तीन किलोचा हापूस! नुसत्या वर्गमध्यांची सरासरी (250) जास्त फसवी, कारण ती खरी वाटते. पण त्यात 24 आंब्यांचा गट आणि 4 आंब्यांचा गट सारखेच मोजले जातात.

235 हाही अंदाजच. सगळे आंबे आपापल्या गटाच्या खालच्या टोकाला असते तर मध्य 210 आला असता, वरच्या टोकाला असते तर 260 च्या आसपास. खरा मध्य या दोहोंच्या बाहेर जाऊ शकत नाही.