यूकेची स्टेट पेन्शन भारतातल्या खात्यात घ्यायची असेल तर आधी काय काय तयार ठेवायचं

ही यादी त्यांच्यासाठी आहे ज्यांनी लंडन, लेस्टर, मँचेस्टर कुठेतरी बरीच वर्षं नोकरी केली, नॅशनल इन्शुरन्स भरला आणि आता पुण्याला, नाशिकला किंवा गोव्याला परत आलेत किंवा येणार आहेत. कंपनीची पेन्शन वेगळी, तिचे नियम त्या त्या स्कीमचे असतात, इथे फक्त सरकारी स्टेट पेन्शनबद्दल लिहितोय.

पहिलं म्हणजे ही पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावी लागते. भारतात राहत असाल तर अर्ज इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे जातो आणि तो पेन्शनच्या वयाच्या आधी चार महिन्यांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. हे वय सध्या ६६ वरून ६७ कडे सरकतंय (२०२६ ते २०२८ मध्ये टप्प्याटप्प्याने), तेव्हा तुमची नक्की तारीख सरकारच्या साइटवर बघून घ्या, मित्राची तारीख तुमची असेलच असं नाही. निदान १० वर्षांचं रेकॉर्ड लागतं आणि नव्या पद्धतीत पूर्ण रकमेला साधारण ३५, हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून पुढे जातो.

आता खरा निर्णय, जो फॉर्म भरायच्या आधी घरात बसून करायचा. पैसे कुठे हवेत? दोन पर्याय आहेत, यूकेमधल्या बँक खात्यात किंवा तुम्ही राहता त्या देशातल्या खात्यात. अर्धं वर्ष इकडे अर्धं तिकडे असं करून मिळत नाही, एकच देश निवडायचा. भारतातलं खातं दिलंत तर पैसे रुपयात येतात, म्हणजे पौंडाचे रुपये तिकडूनच होऊन येतात आणि रेट तुमच्या हातात नसतो. यूकेचं खातं दिलंत तर पौंड पूर्ण जमा होतात, पण मग इकडे आणायचे कसे, कधी आणि कितीला हे सगळं तुमच्या डोक्यावर.

भारतातलं खातं द्यायचं ठरलं तर फॉर्मवर आयबॅन नंबर मागितलेला दिसेल. भारतात आयबॅन नाहीच, उगाच बँकेत जाऊन मागू नका, काउंटरवरचा मुलगा काहीतरी भलताच नंबर लिहून देईल. पूर्ण खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड (यालाच बीआयसी म्हणतात) एवढं लागतं. स्विफ्ट कोड प्रत्येक शाखेला असतोच असं नाही, छोट्या शाखांचे परदेशी पैसे शहरातल्या मोठ्या फॉरेक्स शाखेमार्फत येतात, तेव्हा त्या शाखेचा कोड लेखी मागून घ्या. आणि नाव! आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि तिकडच्या रेकॉर्डला मधलं नाव गायब किंवा लग्नाआधीचं आडनाव. नाव जुळलं नाही तर पैसे अडकतात किंवा परत जातात, म्हणून अर्जाआधी दोन्हीकडची स्पेलिंग एक करून घ्या. कायमचे परत आलात तर एनआरओ, एनआरई खाती रेसिडेंट करून घ्यावी लागतात, तेही आधीच उरका, नाहीतर पेन्शन सुरू झाल्यावर खात्याचा प्रकार बदलायचा आणि पुन्हा इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला कळवायचं असा डबल उद्योग होतो.

आता पैसे कुठे गळतात ते बघू, कारण बहुतेक जण फक्त फी बघतात आणि रेट बघतच नाहीत. एक उदाहरण धरू. आठवड्याला १६० पौंड पेन्शन, यूकेच्या खात्यात दर चार आठवड्यांनी ६४० जमा. त्या दिवशी बाजाराचा रेट ११५ धरला तर याचे ७३,६०० रुपये व्हायला हवेत. तुमच्या यूकेच्या बँकेने पाठवायची फी २० पौंड घेतली आणि रेट बाजारापेक्षा दोन टक्के कमी, म्हणजे ११२.७० दिला, तर ६२० गुणिले ११२.७० म्हणजे ६९,८७४ रुपये हातात. तीन हजार सातशेच्या वर गेले, साधारण पाच टक्के, आणि पावतीवर फी म्हणून फक्त २० पौंड दिसतात, बाकीचे रेटमध्ये विरघळलेत. हेच पैसे तेरा आठवड्यांचे साठवून एकदम २,०८० पौंड पाठवले तर? २० पौंड एकदाच जातात आणि २,३२,१६२ रुपये मिळतात, व्हायला हवे होते २,३९,२००. म्हणजे नुकसान तीन टक्क्यांच्या आत आलं. पण नीट बघा, फी पातळ झाली तरी रेटमधले दोन टक्के तसेच्या तसे राहिले, ते कितीही साठवलं तरी कमी होत नाहीत. त्यासाठी पाठवणारी सर्व्हिसच बदलावी लागते. पैसे पाठवायच्या ऑनलाइन सर्व्हिसेसपैकी काही बाजाराच्याच रेटने बदलून फी वेगळी दाखवतात, तिथे निदान काय घेतलं ते कळतं. "झिरो फी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की मी तरी आधी रेट बघतो.

पौंड तसेच पाठवून इकडच्या बँकेत रुपये केले तर अजून दोन गोष्टी येतात. मधली करस्पाँडंट बँक वाटेत थोडे कापून घेऊ शकते, आणि इथे रुपये करताना जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो, घाबरू नका. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का (कमीत कमी २५० रुपये) ही सर्व्हिसची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के. म्हणजे सत्तर हजारावर साधारण १२६ रुपये. खरी झळ जीएसटीची नाही, रेटची आहे, आणि लोक भांडतात मात्र त्या १२६ वर.

तपासायची पद्धत सोपी आहे. खात्यात आलेले रुपये भागिले तिकडून निघालेले पौंड, झाला तुमचा खरा रेट. तो एफबीआयएल ही संस्था जाहीर करते त्या त्या दिवशीच्या रेफरन्स रेटशी ताडून बघा, हा रेट कामाच्या दिवशी दुपारी जाहीर होतो आणि पौंडाचाही असतो. थेट भारतात पेन्शन येत असेल तरी हेच करा, कारण पौंडातली रक्कम पत्रावर असते आणि रुपये पासबुकात. दोन-तीन हप्ते एका वहीत लिहिले की तुमच्या मार्गात किती टक्के जातात ते उघड दिसतं, आणि मग यूकेचं खातं ठेवायचं की थेट घ्यायचं हे अंदाजावर ठरवावं लागत नाही. पैसे आले की बँकेकडून फॉरेन इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस मागून ठेवा, त्यावर लावलेला रेट लिहिलेला असतो.

मग रेटचे चढउतार. सप्टेंबर २०२२ मध्ये पौंड डॉलरच्या तुलनेत विक्रमी घसरला तेव्हा रुपयातही ९० च्या खाली गेला होता, २०२५ च्या मध्यात तोच ११५ च्या आसपास. ६४० पौंडांवर एका रुपयाचा फरक म्हणजे ६४० रुपये, दहा रुपये पडला तर महिन्याचं बजेट ६,४०० ने खाली. म्हणून घरखर्च आजच्या रेटवर बसवू नका. मी म्हणेन १०० धरून बसवा, वरचे येतील ते एफडीत टाका, पडझडीच्या महिन्यात तेच उपयोगी येतात. चांगल्या रेटची वाट बघत वर्षभर पौंड तिकडे साठवून ठेवणारेही आहेत, पण ज्याच्यावर किराणा आणि औषधं चालतात त्या पैशाचा सट्टा कशाला. मुलगी तिकडे शिकतेय, तिकडे जाणंयेणं आहे, म्हणजे खर्चच पौंडात आहे, तर ठेवा थोडे.

आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट, जी परत येईपर्यंत बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. भारतात राहणाऱ्याची स्टेट पेन्शन गोठते. यूकेत दर एप्रिलला ती वाढते, तशी ती युरोपातल्या देशांत आणि काही करार असलेल्या देशांतही वाढते, पण भारत त्यात नाही. (कॅनडा, ऑस्ट्रेलियावालेही याच रांगेत आहेत.) म्हणजे १६० वर सुरू झाली तर दहा वर्षांनीही १६० च. गेली काही वर्षं रुपया घसरला म्हणून रुपयात आकडा वाढताना दिसतो आणि वाटतं पेन्शन वाढली, पण पौंडात ती तिथेच आहे आणि इथली महागाई मात्र थांबलेली नाही. दीर्घ हिशोब करताना हे धरा, रुपया कायम घसरत राहील या भरवशावर म्हातारपण काढू नका.

हप्ता चार आठवड्यांनी की तेरा आठवड्यांनी हेही निवडायचं असतं. चार आठवड्यांनी घेतला तर वर्षात १३ हप्ते येतात, १२ नाही, आणि तारीख दर महिन्याला मागे सरकत जाते. सोसायटीचा मेंटेनन्स किंवा एसआयपी पाच तारखेला कापली जात असेल तर एखाद्या महिन्यात पैसे आठ तारखेला येणार, तेव्हा खात्यात एका हप्त्याएवढी शिल्लक कायम ठेवा.

हयातीचा दाखलाही आहे, पण आपला जीवन प्रमाण इथे चालत नाही, बोटाचा ठसा देऊन सुटका नाही. तिकडून कागदी फॉर्म पोस्टाने येतो, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा. साक्षीदार म्हणजे तिकडे पासपोर्टच्या फोटोवर सही करू शकेल असा माणूस, तो यूकेत राहणारा असायची गरज नाही, फॅमिली डॉक्टर असतील तर काम पटकन होतं. फॉर्म वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबू शकते. म्हणून घर बदललं की पत्ता आधी तिकडे कळवा, पिनकोडसकट, आणि फॉर्म परत पाठवताना त्याची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती जपा.

यूकेचं खातं चालू ठेवणार असाल तर निघण्याआधीच बँकेला विचारा की भारताचा पत्ता चालेल का, कारण काही बँका परदेशात गेलेल्यांची खाती बंद करतात. ओटीपी तिकडच्या मोबाइलवर येत असेल तर ते सिम जिवंत ठेवायची सोय करा, प्रीपेड सिम बरेच महिने वापरलं नाही की बंद होतं आणि मग खातं आपलं असून आत शिरता येत नाही.

टॅक्सबद्दल थोडंच सांगतो, सीएकडे जाताना हे दोन प्रश्न घेऊन जा. परत आल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं बऱ्याच जणांचं स्टेटस आरएनओआर, म्हणजे रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट, असतं. त्या काळात बाहेरचं आणि आधी बाहेरच मिळालेलं उत्पन्न इथे सहसा करपात्र नसतं, पण थेट भारतातल्या खात्यात आलेली पेन्शन भारतात मिळालेली धरली जाते. म्हणजे वरचा "कुठलं खातं" हा निर्णय टॅक्सलाही लागू पडतो. दुसरं, पूर्ण रेसिडेंट झालात की यूकेचं खातं रिटर्नमध्ये शेड्यूल एफएत, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, त्यात शंभर पौंड असले तरी, आणि तिथला हिशोब एप्रिल-मार्चचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा असतो. तेव्हा डिसेंबरअखेरचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवायचं.