दार लोटू नका, लावा: आगीच्या धुरापासून झोपायची खोली कशी राखायची

आमच्या घरात रात्री बेडरूमचं दार लावायचं म्हणजे ते लोटायचं, असाच अर्थ होता. आईने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून चार बोटं फट ठेवायची. मुलांच्या खोलीचं दार तर उघडंच असायचं, आणि त्याच्या वरच्या कडेवर ओला टॉवेल वाळत घातलेला. असं दार मनात आलं तरी लागत नाही, कारण टॉवेल चौकटीत अडकतो. ही फट फार महाग पडू शकते. का, ते आधी पाहू. मग आपल्या घरातली दारं खरंच लागतात का, ते तपासायचं.

एक नेहमीचा टू बीएचके घ्या. हॉलमध्ये सोफ्याशेजारी स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली आहे आणि रात्री दोनला तिने पेट घेतला. ज्वाळा हॉलमध्येच आहेत, पण धूर तिथे थांबत नाही. गरम धूर हलका असतो. तो सरळ वर जातो, स्लॅबला टेकला की आडवा पसरतो आणि मग वरून खाली साठत येतो, जणू उलटी टाकी भरते आहे. छत साडेनऊ फुटांवर आणि दाराची चौकट सात फुटांवर असेल, तर वरचे अडीच फूट भरेपर्यंत धूर हॉलमध्येच राहतो. त्यानंतर तो चौकटीच्या वरच्या कडेखालून पॅसेजमध्ये सांडतो, आणि पॅसेजमधून ज्या खोलीचं दार उघडं असेल तिच्यात शिरतो.

उघड्या दारातून एकाच वेळी दोन प्रवाह वाहतात. वरच्या अर्ध्या भागातून गरम धूर खोलीत येतो आणि खालच्या अर्ध्या भागातून खोलीतली चांगली हवा आगीकडे ओढली जाते. म्हणजे झोपलेल्यांची हवा जाते आणि आगीला तीच हवा मिळते. दार लावलं की हे दोन्ही थांबतं. उरते ती दाराखालची बोटभर फट आणि बाजूच्या बारीक चिरा. खालची फट सुरुवातीला धुराच्या थराच्या खूप खाली असते, त्यामुळे बराच वेळ तिच्यातून धूर येत नाही. वरच्या चिरेतून थोडा येतो. पण बंद खोली आधीच हवेने भरलेली असते आणि भरल्या तांब्यात आणखी पाणी मावत नाही, तसा जास्त धूर आत घुसायला वाव राहत नाही. शिवाय ज्वाळांची धग लाकडी फळी अडवते, ते वेगळंच.

अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी खरीखुरी घरं पेटवून हे मोजलं आहे. दार उघडं असलेल्या खोलीत तापमान सुमारे ५३८ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, बंद दाराच्या खोलीत ते सुमारे ३८ अंशांवर राहिलं. ३८ अंश म्हणजे आपल्याकडची उन्हाळ्यातली दुपार. याच संस्थेने दोन दिवाणखाने शेजारी शेजारी पेटवले होते. एकात जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान होतं, दुसऱ्यात आजचं फोम आणि कृत्रिम कापडाचं. जुन्या खोलीत सगळी खोली एकदम भडकायला जवळपास अर्धा तास लागला, नव्या खोलीत चार मिनिटंही लागली नाहीत. आपला सोफा, गाद्या आणि पडदे दुसऱ्या प्रकारातले आहेत. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू असतो आणि झोपेत वासाने जाग येईल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून जाग यायच्या आधी काम करणारी गोष्ट हवी. दार तसं आहे, पण ते नीट लागलं तरच.

आधी खटका तपासा

दिवसा प्रत्येक बेडरूमचं दार बाहेरून ओढून घ्या आणि ‘खट्’ असा आवाज येतो का ते ऐका. मग हँडल न फिरवता दार तळहाताने ढकला. ते हललं, तर कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीत बसलेली नाही. आग तापली की हवेचा दाब वाढतो आणि नुसतं लोटलेलं दार त्या दाबाने सहज सरकतं. खटका बसलेलं दार सरकत नाही.

आपल्याकडे हे बिघडतं बहुधा पावसाळ्यात. जुलैत दार फुगतं, चौकटीला घासतं, आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. एप्रिलमध्ये लाकूड सुकतं आणि जिथे रंधा मारला तिथे फट पडते. दार थोडंच अडत असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, मग ठरवा. दार खाली बसलं असेल तर बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात, ते आवळले की जीभ परत पट्टीत बसते. तरीही बसत नसेल तर पट्टी दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

आणि दारावरचा टॉवेल काढा. आमच्याकडे दाराच्या मागच्या बाजूला दोन हूक लावले, तेवढ्याने प्रश्न मिटला.

मग फटी पाहा

रात्री बेडरूममध्ये पूर्ण अंधार करा, पॅसेजचा दिवा लावा, दार लावा आणि आत उभं राहून पाहा. जिथून उजेड येतो, तिथून धूर येणार. खाली उजेडाची रेघ दिसणारच. वर किंवा बिजागरीच्या बाजूला रुंद पट्टा दिसला तर मात्र तिथे चिकटपट्टीसारखी मिळणारी रबराची किंवा फोमची पट्टी लावून घ्या. आगीत ती वितळेल, पण सुरुवातीच्या मिनिटांत धूर अडवेल.

जुन्या इमारतींमध्ये दाराच्या वर हवेसाठी जाळीचा किंवा तिरक्या पट्ट्यांचा झरोका असतो. तो असेल तर दार लावून फारसा उपयोग नाही, कारण धूर वरूनच येतो आणि झरोका नेमका त्याच्या वाटेवर असतो. तिथे काच किंवा प्लाय बसवून घ्या.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू असेल तर तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, आणि तिची जागा घ्यायला दाराखालच्या फटीतून पॅसेजची हवा आत येते. उदबत्ती पेटवून फटीजवळ धरा. फॅन चालू केला की धुराची रेघ सरळ आत वाकते. झोपताना तो बंद करा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची ही अडचण नाही. एसी नसेल आणि दार लावल्यावर गुदमरत असेल तर खिडकी उघडी ठेवून झोपा.

‘पण आईची हाक ऐकू येणार नाही’

ही शंका खरी आहे, आणि तिचं उत्तर म्हणून दार उघडं ठेवायचं नाही. आईच्या उशाशी बिनतारी बेल द्या, तिचा आवाज तुमच्या खोलीत वाजेल. लहान बाळ असेल तर बेबी मॉनिटर ठेवा. आतून कडी लावू नका. खटका पुरे आहे, तो बाहेरून हँडलने उघडता येतो. कडी लावून झोपलेल्या मुलापर्यंत पोचायला दार तोडावं लागेल.

दार बंद असलं की पॅसेजमधला अलार्मही कमी ऐकू येतो. म्हणून एक स्मोक अलार्म पॅसेजमध्ये आणि एकेक प्रत्येक बेडरूममध्ये, छताला, पंख्यापासून थोडा दूर लावा. बॅटरीवर चालणारे चालतील. स्वयंपाकघराच्या तोंडाशी लावू नका, फोडणीला वाजतो आणि मग कुणीतरी कंटाळून त्याची बॅटरी काढतं. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा, आणि ते दार लावून झोपायच्या खोलीत ऐकू येतं का ते बघा.

रात्री उठलात आणि धुराचा वास आला तर

दार लगेच उघडू नका. आधी तळहाताची मागची बाजू दाराच्या वरच्या भागाला लावा, मग हँडलला. गरम लागलं किंवा चिरेतून धूर येत असेल तर तिकडून जायचं नाही. गार लागलं म्हणून पलीकडे सगळं ठीक आहे असं मात्र समजू नका. दाराला खांदा टेकवून, खाली वाकून, बोटभर उघडा. धूर आत आला तर तसंच ढकलून लावा.

आत अडकलात तर चादर किंवा टॉवेल ओला करून आधी दाराखाली, मग बाजूच्या चिरांत दाबा. १०१ किंवा ११२ ला फोन करून इमारत, मजला आणि ‘कोणत्या खोलीत किती माणसं’ हे सांगा. बाहेर धूर नसेल तर खिडकी उघडा आणि मोबाइलचा टॉर्च हलवत राहा. खिडकीला कायमचं ग्रिल असेल तर तिथून बाहेर पडता येणार नाही. त्यातला एक भाग आतून उघडणारा करून घ्या आणि त्याला कुलूप लावलंच तर किल्ली त्याच खोलीत ठेवा.

बाहेर पडता आलं तर जाताना प्रत्येक दार मागे ओढून घ्या, फ्लॅटचं मुख्य दारही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जानेवारी २०२२ मध्ये एका उंच इमारतीत आग लागली. ज्वाळा त्या घरापुरत्या आणि बाहेरच्या पॅसेजपुरत्याच राहिल्या. पण घराचं दार आणि जिन्याचं एक दार उघडं राहिलं, धूर जिन्याने वर चढला आणि १७ जणांचा जीव गेला.

दार कुठे कामाचं नाही

गॅस गळून स्फोट झाला तर दार टिकत नाही. तिथे रात्री रेग्युलेटर बंद करणं हेच काम. आग तुमच्याच खोलीत, मोबाइल चार्जरने किंवा एसीने लागली, तर बाहेर पडा आणि दार लावून आग आत कोंडा. तिला हवा कमी मिळेल आणि बाकीच्यांना वेळ मिळेल. प्लायचं फ्लश डोअर काही मिनिटं तग धरतं, पीव्हीसीचं दार मऊ पडतं, आणि पडदा म्हणजे दार नव्हे. झोपायची वेगळी खोलीच नसेल आणि सगळे हॉलमध्येच झोपत असतील तर निदान स्वयंपाकघराचं दार लावा. आणि बॅटरी चार्जिंग निदान तुम्ही जागे असताना करा, शक्य तर जिथे कुणी झोपत नाही अशा जागी, आणि त्या जागेचंही दार लावून.