टप टप टप टप: चित्रपुस्तकाचा अनुवाद करताना

सांगलीत पावसाळ्यात बसून मी ज्या चित्रपुस्तकाचा अनुवाद केला, ते पावसाचंच होतं. बत्तीस पानं आणि जेमतेम तीनशे शब्द. त्यात एक लाल छत्री घेतलेलं बदक घरी निघालेलं असतं आणि वाटेत त्याला एकेक प्राणी भेटतो. तीनशे शब्द म्हणजे आठवड्याचं काम, असं मी प्रकाशकांना सांगून बसले आणि प्रत्यक्षात दीड महिना लागला. त्यातला बराचसा वेळ दोन ओळींवर गेला. ही दोन ओळींची गोष्ट मुलांच्या पुस्तकाचा पहिलाच अनुवाद करणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून ती सविस्तर सांगते.

मूळ पुस्तकात एक ध्रुवपद सहा वेळा येतं: ‘टिप टॅप, टिप टॅप, डाउन द लेन, हिअर कम्स डक इन द पोअरिंग रेन.’ टाळ्या वाजवत म्हणून बघा. दोन्ही ओळींत चार-चार ठोके आहेत. दुसऱ्या ओळीत अक्षरं जास्त असूनही ठोके चारच राहतात, कारण इंग्रजी बोलणारा ‘इन द’ भरकन गिळून पुढच्या ठोक्यावर जातो. मराठीत असं गिळता येत नाही. आपल्याकडे प्रत्येक अक्षर आपापला वेळ घेतं: ऱ्हस्व एक मात्रा; दीर्घ, अनुस्वाराचं आणि जोडाक्षराआधीचं दोन. म्हणून शब्द जास्त झाले की ओळ लांबतेच.

माझा पहिला खर्डा असा होता:

टप टप टप टप रस्त्यावरून,
बदक येत आहे मुसळधार पावसातून.

अर्थ पुरेपूर आला होता आणि यमकही जुळलं होतं. माझ्या ओळखीच्या अंगणवाडीत मी तो वाचून दाखवला. मुलं चित्रांकडे बघत होती, पण ध्रुवपद चौथ्यांदा आलं तरी कुणी माझ्याबरोबर म्हणेना. लय बिघडल्याची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला तिसऱ्या खेपेला ध्रुवपद तोंडात यायलाच हवं. नाही आलं, तर दोष ओळीत आहे, असं समजून कामाला लागावं.

घरी येऊन मात्रा मोजल्या. पहिली ओळ सोळा मात्रांची आणि दुसरी चोवीस. ‘बदक येत आहे’ इथंच दहा मात्रा संपत होत्या आणि ‘पावसातून’पर्यंत पोचताना दम लागत होता. आधी ‘आहे’ काढलं, तरी ओळ लांबच. मग ‘मुसळधार’वर आले आणि चित्राकडे नीट पाहिलं. पानभर तिरक्या रेघांचा पाऊस काढलेला होता. चित्रकाराने जे इतकं ठळक दाखवलंय, ते शब्दांनी पुन्हा सांगायची गरज काय? मूळ लेखकाला तो शब्द ठोका भरायला हवा होता. मला नको होता. मजकुराचं ओझं चित्रावर टाकता येतं, ही सोय कादंबरीच्या अनुवादकाला नसते. फक्त ते चित्र त्याच पानावर असायला हवं, पुढच्या पानावरचं चालत नाही.

‘येत’चंही तसंच झालं. चित्रात बदक डावीकडून उजवीकडे, म्हणजे पान उलटायच्या दिशेने चाललेलं आहे. वाचणाऱ्याच्या नजरेला ते जाताना दिसतं. म्हणून ‘चाललं’ घेतलं आणि ओळी अशा झाल्या:

टप टप टप टप पाणी वरून,
चाललं बदक चिखलामधून.

टाळ्या वाजवून म्हणा: टप टप, टप टप, पाणी, वरून, चाललं, बदक, चिखला, मधून. दोन्हीकडे चार-चार. कागदावर मोजलंत तर ‘चाललं’ पाच मात्रांचं भरेल आणि ‘बदक’ तीनच. पण आपण बोलताना ‘चाल्लं’ म्हणतो, तिथं एक मात्रा वाचते आणि ‘बदक’नंतर एक बारीकसा थांबा येतो. त्यामुळे कागदावर मात्रा मोजून ओळ कुठं लांबली ते शोधावं, पण शेवटचा निकाल कानाकडूनच घ्यावा.

तोही स्वतःच्या कानाकडून नव्हे. आपण लिहिलेली ओळ आपल्याला पाठ असते, आपण तिला नकळत सांभाळून वाचतो. मी शेजारच्या काकूंना कागद दिला, आधी काही सांगितलं नाही, आणि त्या मोठ्यांदा वाचत असताना जिथं अडखळल्या तिथं पेन्सिलीने खूण केली. एकदा अडखळणं सोडून द्यायचं. दुसरा वाचणाराही तिथंच अडखळला, तर शब्द बदलायचा.

अंगणवाडीत दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिसऱ्या ध्रुवपदाला मुलं माझ्यासोबत होती. पण ती म्हणत होती, ‘पाणी वरनं, चिखलामधनं.’ आमच्याकडे तसंच बोलतात. मी मोजून पाहिलं, ‘वरून’ही चार मात्रा आणि ‘वरनं’ही चार, यमकही शाबूत. पुस्तक महाराष्ट्रभर जाणार म्हणून छापताना ‘वरून’ ठेवलं, तरी सांगलीतलं घर ते आपल्या बोलीत वाचू शकतं, याचा मला फार आनंद झाला. तेव्हापासून मी प्रत्येक ध्रुवपद बोलीत म्हणून बघते.

लयीइतकाच त्रास एका पान उलटण्याने दिला. बदक एका दारावर टकटक करतं, पान संपतं, आणि दार कुणी उघडलं ते पुढच्या पानावर कळतं. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्याने गुपित टिकतं. मराठीत ‘दार उघडून बाहेर आली’ म्हटलं की अर्धं गुपित फुटलं. खार किंवा मांजरी असणार, हे मुलं लगेच ओळखतात. मग विधानाचा प्रश्न केला: ‘दाराआडून बघतंय कोण?’ इथं पान उलटायचं. ‘कोण’ आणि ‘बघतंय’ दोन्ही लिंग लपवतात. शिवाय प्रश्न आला की वाचणारा आपसूक थांबतो आणि मुलं नावं सुचवायला लागतात. क्रियापदाने वाक्य संपवायचा आग्रहही अशा जागी सोडावा. गोष्ट सांगताना आपण नाही तरी तो सोडतोच.

यमकाबद्दल थोडक्यात: गेला, आला, केला अशी क्रियापदांची यमकं मराठीत हवी तितकी मिळतात. सलग तीन पानं ती वापरली की ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. मी एका पुस्तकात दोनदाच वापरते.

काम हाती घेण्यापूर्वी प्रकाशकांना एक गोष्ट जरूर विचारा: चित्राच्या आत हाताने काढलेली अक्षरं बदलता येणार आहेत का? आमच्या पुस्तकात डबक्यात उडी मारण्याचा आवाज चित्रातच रंगवलेला होता. तो बदलता येणार नाही, हे मला अर्धं काम झाल्यावर समजलं. त्या पानावर मी ‘धप्पकन’ लिहून बसले होते, ते काढावं लागलं, कारण एकाच उडीचे दोन आवाज होत होते.

मांडणी झालेली पानं छपाईपूर्वी बघायला मागा. माझ्या पानांत जागा पुरेना म्हणून ‘चिखलामधून’ तिसऱ्या ओळीत ढकललं होतं. वाचणारा तिथं थांबणार आणि चार ठोक्यांची लय मोडणार. अक्षर थोडं लहान करून घेतलं, पण ओळ अखंड ठेवली.

शेवटच्या पानावर पाऊस थांबतो. तिथं मी लिहिलं होतं:

टप… टप… थांबलं पाणी.

इथंही चार टाळ्याच आहेत. प्रत्येक ‘टप’नंतरची शांतता उरलेली जागा भरते आणि पाऊस विरळ झाल्यासारखा ऐकू येतो. तपासायला आलेल्या पानात ती टिंबं काढून ‘टप टप, थांबलं पाणी’ केलं होतं. मी संपादकांना फोन लावला आणि दोन्ही प्रकार फोनवरच टाळ्या वाजवत म्हणून दाखवले. त्यांनी टिंबं परत घातली आणि दोन ‘टप’मध्ये बोटभर जागाही सोडली.