दूध बंद केलेल्या मुलाचे बी-१२
सांगलीकडे भाकरी-आमटीसोबत दूध-दही पोटभर खाणाऱ्या शाकाहारी मुलांची उंची सहसा इतर मुलांइतकीच वाढते. काळजी घ्यावी लागते ती दूधही बंद केल्यावर. कपभर दुधातून सुमारे १ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते. ते शेंगदाण्याच्या कुटात, मटकीत किंवा घरी काढलेल्या सोयादुधात नसते. यकृतातील साठा पुरेपर्यंत, म्हणजे काही महिने किंवा त्याहूनही अधिक काळ, मूल ठणठणीत दिसते आणि पालेभाज्यांतील फोलेटमुळे हिमोग्लोबिनही ठीक येऊ शकते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. दूध सोडतानाच बालरोगतज्ज्ञांकडून मात्रा ठरवून बी-१२ सुरू करावे आणि उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर नोंदवत राहावे. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावे. जेवणाबरोबरचा चहा (आपल्याकडे तो लहानांनाही मिळतो) मात्र टाळावा.