कमकुवत पीसी आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर: या चुका टाळा

“पीसी धड ६० एफपीएस देत नाही आणि मॉनिटर म्हणे १४४ हर्ट्झचा हवा!” असा टोमणा मारणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ५४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ५४ फ्रेम, देणारं ग्राफिक्स कार्ड नवा मॉनिटर जोडला म्हणून १४४ एफपीएस द्यायला लागत नाही. फ्रेम किती बनतील हे पीसी ठरवतो. पण बनलेली फ्रेम डोळ्यांपर्यंत कधी पोचेल हे मॉनिटर ठरवतो, आणि ही दिरंगाई दमदार पीसीपेक्षा कमकुवत पीसीलाच जास्त भोवते. त्यामुळे कमकुवत पीसीसाठी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा का, याला माझं उत्तर आहे, घ्यावा. मात्र खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघून नाही.

चूक पहिली: एफपीएस आणि हर्ट्झ यांची नुसती बरोबरी करणं

६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र घेतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. ठरल्या वेळी सुटणाऱ्या बससारखा हा प्रकार आहे. एक चुकली की पुढचीची वाट बघायची, आणि ती वाट किती लांब हे दोन बसमधल्या अंतरावर ठरतं.

आता एक पीसी घेऊ. १०८० पी रिझोल्यूशन, मध्यम सेटिंग, गेम ४५ ते ६२ एफपीएसमध्ये हेलकावे खातोय आणि सरासरी ५४ आहे. म्हणजे एक फ्रेम बनायला साधारण १८.५ मिलिसेकंद लागतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर व्ही-सिंक, म्हणजे पडद्याच्या ठरल्या वेळीच फ्रेम दाखवायची सोय, चालू केलं की ही फ्रेम १६.७ ची वेळ जेमतेम दोन मिलिसेकंदांनी चुकवते आणि ३३.३ पर्यंत थांबते. साध्या, दोन बफरच्या व्ही-सिंकमध्ये पीसीलाही तोवर थांबावं लागतं, म्हणून ५४ एफपीएसची ताकद असूनही गेम ३० वर आदळतो. ट्रिपल बफरिंग, म्हणजे फ्रेम ठेवायला तिसरी जागा, असेल तर इतकी पडझड होत नाही, पण सेकंदाला सहा वेळा जुनीच फ्रेम दुसऱ्यांदा दाखवली जाते आणि कॅमेरा फिरवताना ते सहा हिसके जाणवतात.

हाच पीसी, तेच व्ही-सिंक, पण पडदा १४४ हर्ट्झचा. १८.५ मिलिसेकंदांत बनलेली फ्रेम २०.८ ला, म्हणजे तिसऱ्या संधीला, पडद्यावर येते. गेम ३० ऐवजी ४८ एफपीएसवर चालतो. पीसीत एक स्क्रूही बदललेला नाही.

व्ही-सिंक बंद ठेवलं तरी फायदा आहेच. चित्र मधून फाटल्यासारखं दिसतं, ज्याला टिअरिंग म्हणतात, ते दोन्हीकडे होईल. पण वेगवान पडदा वरून खालपर्यंतचं चित्र ६.९ मिलिसेकंदांत रंगवतो, त्यामुळे प्रत्येक चीर कमी वेळ टिकते आणि कमी खुपते. माउस हलवल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा उशीरही थोडा घटतो.

गेमबाहेरचा फायदा तर बहुतेक जण हिशोबातच धरत नाहीत. डेस्कटॉपवर कर्सर, खिडक्या, लांबलचक पानाचं स्क्रोलिंग हे साधं इंटिग्रेटेड ग्राफिक्सही सहसा सेकंदाला १४४ वेळा काढू शकतं. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला खरा फरक इथेच दिसतो.

चूक दुसरी: “फ्रीसिंक आहे ना” एवढंच विचारणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. फ्रीसिंक, ॲडॅप्टिव्ह-सिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल असलेला मॉनिटर फ्रेम तयार होईपर्यंत थांबतो आणि ती आल्याबरोबर दाखवतो. आपल्या उदाहरणातली १८.५ मिलिसेकंदांची फ्रेम मग १८.५ लाच दिसते. हिसका नाही, चीर नाही. पण मॉनिटर ठरावीक पट्ट्यातच असं थांबू शकतो, आणि तो पट्टा खोक्यावर सहसा नसतो. निर्मात्याच्या तपशीलपत्रकात तो शोधावा लागतो.

समजा एका मॉनिटरचा पट्टा ४८ ते ७५ आहे आणि दुसऱ्याचा ४८ ते १४४. कमकुवत पीसीवाल्याला वाटतं, आपण ७५ च्या वर जाणारच नाही, पहिला पुरे. खरी गोम खालच्या टोकाला आहे. गेम ४५ वर घसरला की दोन्ही मॉनिटर पट्ट्याबाहेर जातात. १४४ वाल्यावर मात्र ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा दाखवतो, पडदा ९० हर्ट्झवर चालतो आणि गुळगुळीतपणा टिकतो. याला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन म्हणतात. त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा. ४८ ची दुप्पट ९६, ती ७५ मध्ये मावत नाही. म्हणून पहिला मॉनिटर नेमका गेम जड झाला की हात टेकतो. कमकुवत पीसीला १४४ ची गरज आहे ती या दुपटीला जागा मिळावी म्हणून.

ग्राफिक्सची बाजूही तपासा. एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढची कार्डं जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून अशा मॉनिटरांसोबत चालतात, पण त्या पिढीच्या कार्डांना त्यासाठी डिस्प्लेपोर्टची केबल लागते. त्याहून जुन्या कार्डांना ही सोय नाही. इंटेलच्या जुन्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सलाही नाही. तसं असेल तर वरच्या ३० विरुद्ध ४८ च्या हिशोबावर समाधान मानायचं.

सगळं जमूनही एक त्रास उरतो. गडद दृश्यात, विशेषतः व्हीए प्रकारच्या पॅनलवर, पडदा लुकलुकतो. गेम ४६ आणि ५० च्या मध्ये लटकत असेल तर पडदा ९२ हर्ट्झवरून ५० वर, पुन्हा ९२ वर अशा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला उजेड किंचित बदलतो. लोक इथे मॉनिटर खराब समजून परत करतात. आधी गेममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये एफपीएसची मर्यादा ४५ लावून बघा. पडदा मग ९० हर्ट्झवर स्थिर राहतो. ४५ नको असेल तर सावल्यांची सेटिंग एक-दोन पायऱ्या उतरवा आणि सगळ्यात जड दृश्यातही गेम ५० च्या वर राहतो का ते बघा. लुकलुक दोन्ही उपायांनी थांबली नाही, तर मग पॅनलवर संशय घ्यायला हरकत नाही.

चूक तिसरी: हर्ट्झसोबत रिझोल्यूशनही वाढवणं

“घेतोच आहे तर १४४० पी घेऊ” हा मोह समजण्यासारखा आहे, पण इथे पीसी खरंच मान टाकतो. १०८० पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३६.९ लाख. काम जवळपास १.८ पट. आपला ५४ चा गेम बहुधा पस्तिशीत येऊन बसेल, आणि मग पडद्याची सगळी कसरत ती घसरण झाकण्यातच जाईल. हर्ट्झ वाढल्याने कार्डावरचा भार सक्तीने वाढत नाही. रिझोल्यूशन वाढल्याने वाढतो. कार्ड लवकरच बदलायचं पक्कं असेल तरच १४४० पी घ्यावा.

अडचण कार्डाची की प्रोसेसरची, हेही आधीच बघून ठेवा. गेमचं रिझोल्यूशन ७२० पी करून तेच दृश्य खेळा. एफपीएस चांगलेच वाढले तर कार्ड कमी पडतंय, आणि सेटिंग उतरवून वेगवान पडद्याचा आणखी उपयोग करता येईल. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडतोय, आणि चित्राची सेटिंग उतरवून फारसं हाती लागणार नाही.

चूक चौथी: जोडला आणि तसाच सोडला

नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा ६० हर्ट्झवरच राहतं, आणि “काही फरक नाही बुवा” अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच निघतं. विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display > Advanced display` इथे जा आणि `Choose a refresh rate` मध्ये आकडा बदला.

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बघा. पीसीत वेगळं कार्ड असताना केबल चुकून मदरबोर्डला लावलेली असते, हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय १.४ पोर्टमधून १०८० पीला साधारण १२० हर्ट्झपर्यंतच मजल जाते. तेवढ्यावर खुशाल राहा, १२० आणि १४४ मधला फरक डोळ्यांना शोधावा लागतो. शिवाय १२० ला २४ ने भाग जातो, त्यामुळे २४ फ्रेमचा चित्रपट प्रत्येक फ्रेमला सारखा वेळ देऊन दाखवता येतो. ६० वर तसं होत नाही.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमधला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला रंग झटपट बदलायला लावणारी सेटिंग, मात्र कमाल पायरीवर ठेवू नका. तो १४४ हर्ट्झ डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेला असतो. फ्रीसिंकमुळे पडदा ५० हर्ट्झवर आला की हलणाऱ्या वस्तूंमागे फिकट, उलट्या रंगाची सावली दिसू लागते. मधली पायरी निवडली की बहुतेक वेळा ती जाते.

कुठे पैसे घालवू नयेत

गेम २५-३० एफपीएसवरच रखडत असेल तर मॉनिटरने हिसके थोडे कमी होतील, पण प्रत्येक चित्र ३३ ते ४० मिलिसेकंद जुनं राहीलच आणि नियंत्रण जडच वाटेल. तसंच, सरासरी ५४ असूनही दर काही सेकंदांनी गेम क्षणभर गोठत असेल, तर ते काम रॅम भरल्याचं, संथ हार्ड डिस्कचं किंवा गेम चालू असताना शेडर बनवले जाण्याचं असतं. १०० मिलिसेकंद फ्रेमच आली नाही, तर कितीही हर्ट्झचा पडदा जुनंच चित्र दाखवत बसणार. हे ओळखायला सरासरी एफपीएस नको, फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावून बघा. रेघ जाडसर पण सपाट असेल तर मॉनिटर घ्या. तिच्यातून उंच सुळके निघत असतील तर तेच पैसे आधी रॅम किंवा एसएसडीवर घाला.