उपग्रह हळू, तरी त्याची ऊर्जा जास्त कशी?

ठाण्यात नौपाड्याला संध्याकाळच्या बॅचला मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. गुरुत्वाकर्षणाची सूत्रं बहुतेकांना तोंडपाठ असतात. क्रांतिक वेग, मुक्तिवेग आणि एकूण ऊर्जा एकाच प्रश्नात आली की मात्र गाडी अडते. सीईटीची तयारी नुकतीच सुरू केलेल्यांसाठी असाच एक प्रश्न इथे सावकाश सोडवतो.

A आणि B हे सारख्या वस्तुमानाचे दोन उपग्रह पृथ्वीभोवती वर्तुळाकार कक्षेत फिरतायत. पृष्ठभागापासून A ची उंची R आहे, B ची 3R. R ही पृथ्वीची त्रिज्या. कोणाचा वेग जास्त? एकूण ऊर्जा कोणाची जास्त? आणि A चा वेग पृष्ठभागावरच्या मुक्तिवेगाच्या किती पट?

सूत्राला हात लावायच्या आधी कच्च्या पानावर पृथ्वीचा गोल काढा आणि केंद्रापासून उपग्रहापर्यंत रेघ ओढा. सूत्रातला r म्हणजे ही अख्खी रेघ, R + h. म्हणजे A साठी 2R आणि B साठी 4R. उंचीच थेट r म्हणून घातली तर गुणोत्तर 1:3 होतं, उत्तरात √3 येतो, आणि पेपर काढणाऱ्याने तो पर्यायांत हमखास ठेवलेला असतो.

आता वेग. v = √(GM/r), म्हणून r दुप्पट झाला की वेग √2 पटीने कमी. A चा वेग B च्या √2 पट, विषय संपला. पृष्ठभागावरचा मुक्तिवेग √(2GM/R), साधारण ११.२ किमी/सेकंद. A चा वेग √(GM/2R). भागाकार केला की बरोबर अर्धा येतो, ५.६ किमी/सेकंद. इथे काही जण अडून बसतात: ‘सर, मुक्तिवेग तर कक्षेतल्या वेगाच्या √2 पट असतो ना?’ असतो, पण दोन्ही एकाच r वर मोजले तर. A च्या उंचीवरून निसटायला लागणारा वेग ७.९ किमी/सेकंद, आणि तो ५.६ च्या √2 पट आहेच. प्रश्नात ‘पृष्ठभागावरचा’ लिहिलंय की ‘त्या कक्षेतला’, त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

खरी गंमत ऊर्जेत आहे. गतिज ऊर्जा GMm/2r, स्थितिज ऊर्जा −GMm/r, बेरीज −GMm/2r. A ची −GMm/4R, B ची −GMm/8R. B हळू चालतो म्हणून त्याची ऊर्जा कमी, असं वर्गात निम्मे हात वर करून सांगतात. पण उणे चिन्ह बघा: खात्यात उणे आठ हजार असलेल्यापेक्षा उणे चार हजारवाला वरचढच. B ची एकूण ऊर्जा जास्त आहे. वर जाताना गतिज ऊर्जा जेवढी घटते, त्याच्या दुप्पट स्थितिज ऊर्जा वाढते, म्हणून बेरीज वाढते. बंधन ऊर्जा विचारली असेल तर उत्तर उलटं, A ची जास्त, कारण तिथे फक्त आकडा बघायचा, चिन्ह नाही.

आकड्यांत पाहू. A चं वस्तुमान २०० किलो धरा. GM = gR² घातलं की एकूण ऊर्जा −mgR/4 होते. g = ९.८, R = ६४०० किमी घेऊन ती येते सुमारे −३.१ × १०⁹ जूल. A ला पृथ्वीच्या तावडीतून सोडवायला नेमकी एवढीच ऊर्जा वरून द्यावी लागेल. त्याची गतिज ऊर्जाही तेवढीच असल्यामुळे ती दुप्पट होते, वेग मात्र सुमारे ४१ टक्केच वाढतो. ‘वेग किती टक्के वाढवावा’ आणि ‘गतिज ऊर्जा किती टक्के वाढवावी’ हे दोन्ही प्रश्न येतात. दुसऱ्याचं उत्तर १००.

वस्तुमानं वेगळी दिली असतील तर वेगाचं उत्तर तसूभरही बदलत नाही, कारण त्या सूत्रात m नाहीच. ऊर्जेत मात्र आहे. B चं वस्तुमान A च्या दुप्पट केलं तर दोघांची एकूण ऊर्जा समान होते, तिप्पट केलं तर A वर जातो. म्हणून प्रश्नात ‘सारख्या वस्तुमानाचे’ हे शब्द दिसले नाहीत, तर ऊर्जेचं उत्तर घाईने देऊ नका.

चिन्ह नीट बसलंय का हे तपासायला मी मुलांना पुढचा प्रश्न टाकतो: खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला विरळ हवेचं घर्षण लागलं, तर त्याचा वेग वाढेल की घटेल? घर्षणाने एकूण ऊर्जा कमी होते, म्हणजे ती आणखी उणे होते. मग r लहान होतो आणि उपग्रह खाली सरकत सरकत अधिक वेगाने फिरायला लागतो. घर्षण होऊनही वेग वाढला, हे सूत्र न बघता ज्याला सांगता येतं, त्याला मी या धड्याची पुढची शीट देतो.